किटली बोलते कुठून?

“आमच्या बालनाट्यात चहाची किटली बोलते. काम करणारी मुलगी छान बारीक आवाज काढते, पण ऐकताना ती किटली वाटतच नाही, रुसलेली लहान मुलगी वाटते. आवाज अजून वर न्यायचा का?”

वर नेऊ नका. बारीक आवाज कानाला एवढंच सांगतो की बोलणारं कुणीतरी लहान आहे. ते कशाचं बनलंय, आतून पोकळ आहे का, आवाजाला बाहेर पडायला वाट केवढी आहे, यातलं काहीच त्यातून कळत नाही. तालमीत बहुतेक जण सुरापासून सुरुवात करतात, म्हणून चहाची किटली, खारूताई आणि परी अशा तिघींचा आवाज एकच होऊन बसतो. माझ्या मते क्रम उलटा हवा: आधी शब्द, मग लय आणि सूर सगळ्यात शेवटी.

त्याआधी किटली कुठली ते ठरवा. चिनी मातीची किटली वेगळी बोलेल. आपण टपरीवरची जर्मनची घेऊ: पातळ पत्रा, लांब तोटी, सैल झाकण, वर कडी. तिला डोळे नाहीत, हात नाहीत. त्यामुळे संहितेतून ‘हात टेकले’, ‘डोळ्यांत तेल घालून’, ‘जीव मुठीत धरून’ हे सगळं आधी काढून टाका. तिला कळतं ते ऊन-गार, भरलेलं-रिकामं, सरळ-तिरकं. माणूस ती चेहऱ्यावरून ओळखत नाही, कडी कशी धरतो त्यावरून ओळखते. वेळ ती तासांत मोजत नाही, उकळ्यांत मोजते.

एक उदाहरण घेऊ. संहितेत वाक्य आहे: “मला खूप राग आलाय! तासभर झाला, तुम्ही मला शेगडीवर विसरलात!” हे कुणीही म्हणू शकेल. आता किटलीला म्हणू द्या: “तळ तापलाय. पाणी आटत आलंय. दोन उकळ्या होऊन गेल्या, कडीला कुणाचा हात नाही.” राग हा शब्द गेला, राग तसाच राहिला. ‘चहापेक्षा किटली गरम’ हे वाक्य तिच्याच तोंडी घालायचा मोह होतो. त्यापेक्षा ते दुसऱ्या कुणाला म्हणू द्या आणि तिला साधं उत्तर द्या: “बरोबर आहे. आधी पत्रा तापतो, मग पाणी.” तिला त्यात टोमणा दिसत नाही. तिच्या जगाचे नियम यातून प्रेक्षकाला एका क्षणात कळतात.

शब्द निवडताना आपल्या भाषेची फार मोठी मदत होते. किटलीच्या कामाची क्रियापदं पाहा: उकळणं, ढवळणं, विरघळणं, मिसळणं, गाळणं, ओघळणं, निवळणं. सगळ्यांत ‘ळ’ आहे. तो म्हणताना जीभ मागे वळते आणि सुटते, त्यात पाणी हलल्यासारखं वाटतं. प्रत्येक वाक्यात असा एक शब्द पुरतो. नटीने त्या ‘ळ’वर किंचित रेंगाळायचं आणि बाकीचं साधं बोलायचं. तीन-चार कोंबले तर मुलांचं लक्ष गोष्टीवरून उडून खेळावर जातं.

लयीसाठी शेगडीवर पाणी ठेवा आणि शेवटपर्यंत ऐका. आधी शांतता असते. मग तळाशी बुडबुडे धरतात, पण वरचं पाणी अजून गार असल्यामुळे ते वाटेतच फुटून विरतात. त्याचीच ती ‘सूं’ अशी वाढत जाणारी घरघर. उकळी फुटायच्या जरा आधी हा आवाज चक्क कमी होतो, कारण आता पाणी सगळीकडे तापलेलं असतं आणि बुडबुडे न विरता वरपर्यंत पोचायला लागतात. त्यानंतर खदखद. म्हणजे किटलीचा संताप ओरडण्याने सुरू होत नाही. ती कुरकुरते, कुरकुर वाढते, मग एकाएकी गप्प होते आणि मग उसळते. वरच्या वाक्यांत ‘तळ तापलाय’ सावकाश, ‘पाणी आटत आलंय’ जरा घाईने, ‘दोन उकळ्या होऊन गेल्या’ श्वास न घेता, मग दोन मात्रांची शांतता आणि ‘कडीला कुणाचा हात नाही’ एका दमात. ती शांतता गाळली की उसळी फिकी पडते. घाईच्या तालमीत पहिल्यांदा बळी जातो तो तिचाच.

वाक्य संपवायची पद्धतही ओतण्यातून येते. चहा ओतून झाला की तोटी वर उचलतात, धार तुटते. तसाच शेवटचा स्वर आखूड तोडायचा. इथे एक चूक हमखास होते: तोडण्याऐवजी सूर वर नेला जातो आणि मराठीत ते विधान प्रश्न होऊन बसतं. ‘हात नाही’चा ‘नाही?’ व्हायला नको. सूर जागेवर ठेवा, फक्त लांबी कापा.

आता सूर. साधं वाक्य बोलून शेवटच्या शब्दाचा सूर पेटीवर शोधा आणि त्याला सा माना. थंड किटली रे-गच्या आसपास बोलेल, उकळताना पपर्यंत जाईल. त्याच्या वरचं राखून ठेवा, एखाद्या शिट्टीसाठी लागेल. भरलेली किटली जरा खाली आणि जड, रिकामी वर आणि खणखणीत. जलतरंगाच्या वाटीत पाणी वाढवलं की सूर उतरतो, तसाच हा हिशेब आहे.

तोटीचा भास मात्र सुराने होत नाही, ओठांनी होतो. शीतपेयाची नळी ओठांत धरून तिच्यातून मिनिटभर ‘ऊ’ म्हणा, सूर हळूहळू वर-खाली न्या. गळ्यावर ताण येत नाही आणि आवाज ओठांच्या टोकाशी जमा झाल्यासारखा वाटतो. मग नळी काढा, ओठ तसेच ठेवा आणि संवाद म्हणा. आवाज पोकळीतून अरुंद वाटेने येतोय असं लगेच ऐकू येईल. याची किंमत अशी की ‘आ’ गोल होतो, ‘काय’चं ‘कोय’ ऐकू येतं. म्हणून ओठांचा चंबू वाक्यातल्या एकाच ठळक शब्दावर ठेवा. नावं आणि गोष्ट पुढे नेणारे शब्द मोकळ्या तोंडाने म्हणा.

काम झालंय का ते दोन चाचण्यांत कळतं. पहिली सूर न लावता: मुलीला स्वतःच्या रोजच्या आवाजात संवाद वाचू द्या. तरीही बोलणारी किटली आहे हे कळलं तर शब्द आणि लय पक्की आहे. नाही कळलं तर संहितेकडे परत जा, गळ्याला कामाला लावू नका. दुसरी चाचणी संहिता न वाचलेल्या माणसावर: त्याला पाठमोरं बसवा आणि ऐकू आलेले शब्द लिहायला सांगा. जिथे तो अडखळेल तिथे ओठ मोकळे करा.

आणि तालीम संपल्यावर मुलीला लगेच नेहमीच्या आवाजात बोलायला लावा. आवाज घोगरा आला, खोकला आला किंवा गळ्यात टोचलं, तर ती अजूनही सूर गळा आवळून वर नेतेय. अशा वेळी एक सूर खाली या आणि नळीपासून पुन्हा सुरू करा.