कपाळावरचे राखाडी कुंकू

चित्रपटाचे संकलन पूर्ण झाले की त्यातला उजेड, रंग आणि छटा जुळवण्याचे काम माझ्याकडे येते. आमच्या व्यवसायात याला ग्रेडिंग म्हणतात. काही काळापूर्वी माझ्याकडे बावीस मिनिटांचा एक लघुपट आला. त्याची गोष्ट 1955 सालच्या नोव्हेंबरात गिरणगावातल्या एका चाळीत घडते. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी 21 नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनला निघालेल्या मोर्चात एक गिरणी कामगार जातो आणि तिथल्या गोळीबारात मरतो. चित्रपट मात्र त्या चौकात जातच नाही. तो शेवटपर्यंत घरी वाट पाहणाऱ्या त्याच्या बायकोजवळ राहतो, आणि अखेरच्या दृश्यात तिचे कपाळ मोकळे दिसते. चित्रीकरण आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर, रंगीत झाले होते आणि ते कृष्णधवल करून त्या काळातले वाटेल असे करायचे होते.

माझी पहिली प्रत दिग्दर्शकाला आवडली होती. मी रंग काढले होते, काळा-पांढरा भेद वाढवला होता, किंचित पिवळसर झाक दिली होती, आणि वर फिल्मच्या बारीक कणांचा पोत म्हणजे ग्रेन, उभे ओरखडे, धुळीचे ठिपके व उजेडाची थरथर चढवली होती. अंतिम प्रत द्यायच्या आदल्या दिवशी सकाळी दिग्दर्शक आपल्या मामांना घेऊन आला. त्यांची उमेदीची वर्षे मुंबईतल्या एका फिल्म लॅबमध्ये ग्रेडर म्हणून गेली होती. निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह प्रिंट काढताना प्रत्येक शॉटला किती उजेड द्यायचा हे ते ठरवत असत. त्यांनी सगळा चित्रपट न बोलता पाहिला आणि मग विचारले, "ही गोष्ट पंचावन्न सालची ना? मग प्रिंट इतकी झिजलेली कशी?"

मी म्हणाले, "काका, जुनं वाटावं म्हणून ओरखडे घातलेत."

"अगं, ओरखडे प्रोजेक्टरवर शंभर वेळा फिरल्यावर येतात. नव्या प्रिंटवर एवढा जरी ओरखडा दिसला तरी आम्ही ती रीळ परत छापायचो. पंचावन्न साली थिएटरात बसलेल्या माणसानं हे पाहिलेलंच नाही."

मला त्यांचे म्हणणे लगेच पटले. मी 1955 साल दाखवत नव्हते, तर 1955 साली काढलेल्या आणि नंतर अनेक वर्षे रगडल्या गेलेल्या प्रिंटची अवस्था दाखवत होते. एखादे पात्र सापडलेली जुनी रीळ पाहत असेल, तर ओरखड्यांना गोष्टीत जागा आहे. इथे तशी जागा नव्हती. पिवळसर झाकेचेही तेच होते; ती अल्बममधल्या जुन्या फोटोंची आठवण आहे, त्या काळच्या पडद्याची नव्हे. ओरखडे, धूळ, थरथर आणि पिवळेपणा मी त्यांच्यासमोरच काढून टाकले. त्यानंतर त्यांनी जो प्रश्न विचारला, त्याने माझा उरलेला दिवस व्यापला.

"या बाईच्या कपाळावर कुंकू कुठाय?"

मी पडद्याजवळ जाऊन पाहिले. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर वरच्या दिव्याचा उजेड होता आणि कपाळ एकसारखे उजळ दिसत होते. कुंकू होते, पण त्वचेच्या राखाडीत ते जवळजवळ विरून गेले होते. अखेरच्या दृश्यात कुंकू नसणे हाच या गोष्टीचा शेवट होता, आणि माझ्या प्रतीत ते पहिल्या दृश्यापासूनच नव्हते.

याला कारण माझी एक सवय होती. रंगीत चित्रात लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनल असतात, आणि कृष्णधवल चित्र करताना प्रत्येकाचा किती वाटा घ्यायचा हे आपण ठरवू शकतो. संगणकाने नुसता रंग काढला, तर डोळ्याच्या संवेदनेनुसार साधारण 21 टक्के लाल, 72 टक्के हिरवा आणि 7 टक्के निळा असा हिशेब धरला जातो. लाल चॅनलमध्ये त्वचेवरचे डाग आणि सुरकुत्या कमी दिसतात, म्हणून चेहरा नितळ दिसावा यासाठी मी लाल 80 टक्क्यांवर नेला होता. पण लाल चॅनलमध्ये कुंकूही त्वचेइतकेच उजळ असते. चेहरा सुंदर झाला आणि कुंकू गेले.

मग त्या काळच्या फिल्मला हे दृश्य कसे दिसले असते, याचा विचार करणे भाग पडले. तोवर चित्रपटांत पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळलेली होती. ती सगळ्या रंगांना प्रतिसाद देते, मात्र निळ्याला आपल्या डोळ्यापेक्षा अधिक देते. म्हणूनच आकाश पांढरे पडू नये यासाठी छायाचित्रकार भिंगापुढे पिवळा फिल्टर लावत. त्याआधीची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लालाला जवळजवळ आंधळी होती आणि तिच्यावर कुंकू काळे उमटे. दिग्दर्शकाने तसे काळेभोर कुंकू करून पाहू असे सुचवले, पण तो 1955 चा नव्हे, त्याच्या कितीतरी आधीचा चेहरा झाला असता. मला पॅनक्रोमॅटिकचे मधले राखाडी हवे होते.

रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या `RGB Mixer` मध्ये मोनोक्रोमची खूण करून मी दिवसाच्या दृश्यांसाठी लाल 30, हिरवा 50 आणि निळा 20 टक्के असे प्रमाण ठरवले. कुंकू परत आले. ते काळे नव्हते, पण त्वचेहून स्पष्ट गडद होते. ओठांनाही आकार आला. रात्रीच्या दृश्यांना मात्र हेच प्रमाण चालले नाही. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा फारच थोडा असतो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या निळ्या चॅनलमध्ये चित्र कमी आणि नॉइज, म्हणजे कमी उजेडात उमटणारे अस्थिर ठिपके, जास्त होता; त्याला 20 टक्के वाटा देताच चाळीच्या भिंतींवर किडे वळवळल्यासारखे दिसू लागले. तिथे मी निळा 5 टक्क्यांवर आणला, लाल 40 आणि हिरवा 55 ठेवला. बल्बच्या उजेडात लाल भरपूर असल्याने फिल्मवरही रात्रीचे कुंकू दिवसापेक्षा फिकट आले असते, त्यामुळे हा फरक मी तसाच राहू दिला. एका मध्यम शॉटमध्ये मात्र ते दुरून दिसतच नव्हते. तिथे मूळ रंगीत चित्रातून फक्त तेवढा लाल रंग निवडून, कडा मऊ ठेवून, तो थोडा खाली उतरवला.

लाल कमी केल्याचा तोटाही लगेच समोर आला. बाईची साडी हिरवी आणि काठ लाल होता. आता दोन्ही एकाच राखाडीवर आले आणि काठ नाहीसा झाला. काका म्हणाले, "तेव्हा असा काठ असता तर कॅमेरामननं साडीच बदलायला लावली असती." कृष्णधवल चित्रपटात कपडा कोणत्या रंगाचा आहे याहून तो कोणत्या राखाडीत उतरेल हे महत्त्वाचे असे. चित्रीकरणाआधी एकदा कपड्यांची चाचणी घेतली असती, तर हा प्रश्न आलाच नसता. आमच्या हातात चित्रित झालेली साडी होती, म्हणून मी अंगातला हिरवा निवडून थोडा गडद केला आणि काठ पुन्हा वेगळा झाला.

दुपारनंतर ग्रेनकडे वळले. पहिल्या प्रतीत दहा सेकंदांची तयार ग्रेनची पट्टी सगळ्या चित्रपटावर पुन्हा पुन्हा लावलेली होती, खिडकीच्या पांढऱ्या उजेडातही आणि काळ्या कोपऱ्यातही सारख्याच जोराने. खरा ग्रेन चित्रावर बसत नाही. चित्रच चांदीच्या त्या कणांचे बनलेले असते. पडद्यावरच्या प्रिंटमध्ये तो मधल्या राखाडीत, म्हणजे अर्धउजेडातला चेहरा, भिंत, आकाश अशा जागी सर्वांत जास्त दिसतो, आणि अगदी पांढऱ्या व अगदी काळ्या भागांत दबतो, कारण प्रिंटवर ही दोन्ही टोके सपाट होतात. डिजिटल नॉइज याच्या उलट वागतो आणि अंधारात सर्वांत जास्त दिसतो. म्हणून आधी अंधारातला नॉइज हलकेच साफ केला. तो जास्त साफ केला की चेहरे मेणाचे होतात, हे लक्षात ठेवूनच हात आवरला. मग प्रत्येक चौकटीत नव्याने तयार होणारा ग्रेन लावून पांढऱ्यात आणि काळ्यात त्याचा जोर उतरवला.

तरीही काहीतरी खटकत होते. एक चौकट थांबवली तेव्हा कळले: बाईच्या पापण्यांचा केस न् केस ग्रेनच्या कणाहून बारीक दिसत होता. फिल्मवर कणापेक्षा बारीक तपशील उमटूच शकत नाही. त्यामुळे आजचे स्वच्छ चित्र जाळीच्या पडद्याआडून पाहावे तसे ते दिसत होते. ग्रेनच्या आधी मी चित्र अगदी किंचित मऊ केले, कॅमेऱ्याने कडांवर आणलेली कृत्रिम धार काढली, आणि कंदील व खिडकी यांच्याभोवती उजेडाची बारीक साय पसरू दिली, कारण फिल्मच्या पाठीवरून परतणारा प्रकाश तशी साय सोडतो. कुंकवाची आणि साडीची दुरुस्तीही ग्रेनच्या आधीच ठेवली, म्हणजे एकच ग्रेन त्यांच्यावरून अखंड जातो आणि दुरुस्तीची सीमा दिसत नाही. चित्राचा आकार शेवटच्या मापाला आणल्यावरच ग्रेन लावला. नाहीतर लहान करताना तो पुसट होतो आणि मोठे करताना वाळूसारखा जाड दिसतो.

संध्याकाळी काकांनी पुन्हा पाहिले. चुलीपुढचा शॉट आणि अखेरचा शॉट त्यांनी एकामागोमाग लावायला सांगितला. नंतर बराच वेळ ते पडद्याकडेच पाहत होते. "आता बाई दिसली," एवढेच म्हणाले आणि भाच्याबरोबर निघाले.

माझे काम तेव्हा संपले नव्हते. महोत्सवासाठी थिएटरची प्रत द्यायची होती, जिथे सेकंदाला 250 मेगाबिटपर्यंत जागा मिळते आणि ग्रेन सुखाने राहतो. पण निर्मात्याला फोनवर पाहण्यासाठी सेकंदाला 5 मेगाबिटची फाइलही हवी होती. ती तयार करून पाहिली तेव्हा चाळीची राखाडी भिंत चौकोनांत फुटली होती आणि ठराविक अंतराने धडधडल्यासारखी दिसत होती. ग्रेन प्रत्येक चौकटीत बदलतो, त्यामुळे कमी जागेत चित्र कोंबणाऱ्या पद्धतीला तो परवडत नाही. ती आधी ग्रेन टाकून देते आणि मग भिंतच मोडते. म्हणून फोनसाठी वेगळी प्रत काढली. तिच्यात ग्रेनचा जोर निम्म्याहून कमी ठेवला, रात्रीच्या भिंती थोड्या गडद केल्या, आणि कुंकवाला हात लावला नाही.

रात्री दोनच्या सुमाराला ती फाइल माझ्या फोनवर उतरली. मी खोलीतला दिवा बंद करून अखेरचा शॉट लावला आणि थांबवला. भिंत स्थिर होती, गालाच्या सावलीत थोडासा ग्रेन शिल्लक होता, आणि कपाळ मोकळे होते.