सिम्पसन लावला आणि पत्रा पावणेसहा मिलिमीटर लांब निघाला

आमच्या शॉपमध्ये लंबवर्तुळाकार टाकीचं काम आलं होतं, अर्धे अक्ष १ मीटर आणि ०.८ मीटर, आणि पत्रा किती लांब कापायचा ते मला काढून द्यायचं होतं. परिघाला सरळ सूत्र नाही हे माहीत होतं, म्हणून एक्सेल उघडलं आणि √(1 − 0.36·cos²θ) हे 0 ते 2π इंटिग्रेट करायला बसलो. आठ भाग केले. कॉलेजात डोक्यात बसलेलं की बिंदू सरळ रेषांनी जोडणारी ट्रॅपेझॉइडल पद्धत म्हणजे गावठी आणि त्यांतून पॅराबोला नेणारी सिम्पसन म्हणजे भारी, तर सिम्पसनने ५६७८.०७ मिमी आलं, सहज म्हणून ट्रॅपेझॉइडल लावून बघितलं तर ५६७२.२७. जवळजवळ सहा मिलिमीटरचा फरक! मी अर्थातच ट्रॅपेझॉइडलला दोष दिला.

मग सोळा भाग केले. ट्रॅपेझॉइडल ५६७२.३३, बत्तीस केले तरी ५६७२.३३, हलायलाच तयार नाही. म्हणजे आठ बिंदूंतच ०.०७ मिमीपर्यंत पोचला होता, चुकत सिम्पसन होता.

घरी येऊन ऑयलर-मॅक्लॉरिन सूत्र काढलं तेव्हा उलगडा झाला. T म्हणजे ट्रॅपेझॉइडलचं उत्तर, I खरं उत्तर, h एका भागाची रुंदी, a आणि b दोन टोकं धरली तर ट्रॅपेझॉइडलची चूक अशी लिहिता येते:

T − I = h²/12·[f′(b) − f′(a)] − h⁴/720·[f‴(b) − f‴(a)] + …

प्रत्येक कंसात फक्त दोन टोकांचा फरक आहे, मधल्या वळणांचा काही संबंधच नाही! आणि पूर्ण चक्कर मारून आलं की दोन्ही टोकं एकच, म्हणून सगळे कंस शून्य. आता याचा अर्थ चूक शून्य असा नाही हां, शेष उरतोच, पण तो h च्या कुठल्याही घातापेक्षा वेगाने कमी होतो.

सिम्पसन का फसला? आठ भागांचं ट्रॅपेझॉइडल T₈ आणि चार भागांचं T₄ धरलं तर तो म्हणजे (4·T₈ − T₄)/3, म्हणजे h² वाली चूक घालवायची युक्ती. इथे ती चूक नव्हतीच, त्यामुळे चार बिंदूंवाला T₄, जो १७.४७ मिमी कमी दाखवतो, त्याचा एक तृतीयांश उलट्या चिन्हाने उत्तरात घुसला, साधारण ५.८ मिमी. T₈ ची स्वतःची बारीक चूक धरली की बरोबर ५.७३.

दुसऱ्या दिवशी मॅनहोलसाठी फक्त θ = 0 ते 60° चा कंस हवा होता आणि मी जोशात तीच ट्रॅपेझॉइडलची शीट वापरली. चार भागांना ०.९ मिमीच्या आसपास जास्त, आठ भागांना ०.२३. भाग दुप्पट, चूक चौथाई, म्हणजे h² परत आला, कारण 60° ला f′ शून्य नाही. तिथे मात्र सिम्पसनच लावला. 0 ते 90° असतं तर चाललं असतं, सममितीमुळे दोन्ही टोकांना विषम डेरिव्हेटिव्ह शून्यच असतात. आणि टाकी फार चपटी असली तर बिंदू वाढवावे लागतात, लांब अक्षाच्या टोकाशी फंक्शन फार झपकन वळतं.

फोरमन काकांना आकडा दिला तर म्हणाले, "कापताना तीन मिमी तसाही सोडतोच मी."