साडेपाच महिन्यांची लेक, दिवाळी आणि दोन ट्यूब

दिवाळीला सासरी गुहागरला जायचं ठरलं तेव्हा माझी मुलगी साडेपाच महिन्यांची होती. ऑक्टोबरचं ऊन, वर पावसानंतरचे डास. मी निघायच्या आधीच मेडिकलमधून बाळांचं सनस्क्रीन आणले, आणि डासांचं क्रीम मात्र मुद्दाम घेतलं नाही. सनस्क्रीन म्हणजे लोशनसारखंच काहीतरी, डासांचं म्हणजे औषध, एवढ्या लहान जिवाला कशाला चोळायचं, असा माझा हिशेब होता. लसीच्या वेळी डॉक्टरांना सहज विचारलं, तर त्यांनी तो हिशेब नेमका उलटा केला.

"सनस्क्रीन सहा महिन्यांनंतर. डासांचं क्रीम दोन महिन्यांनंतर चालतं, पण कुठलं आणि किती, ते बघून."

कारण त्यांनी नीट समजावलं. लहान बाळाची त्वचा पातळ असते आणि वजनाच्या मानाने तिचा पसारा मोठा असतो, त्यामुळे अंगभर लावलेलं लोशन मोठ्या माणसापेक्षा जास्त प्रमाणात आत शोषलं जातं. सनस्क्रीन उघड्या अंगावर सगळीकडे आणि दर दोन तासांनी लावायचं असतं. शिवाय एवढ्या लहान बाळाला घामाने अंग थंड ठेवणं नीट जमत नाही. क्रीम लावून उन्हात नेलं तर कातडी वाचेल, पण उष्म्याचा त्रास व्हायचा तो होईलच. म्हणून सहा महिन्यांपर्यंत सावली, अंगभर सुती कपडे आणि कडेची टोपी. अगदी सावली मिळतच नसेल तर गालासारख्या छोट्या उघड्या जागेवर थोडंसं लावलेलं चालतं, पण तो अपवाद. डासांचं क्रीम उलट थोड्याच उघड्या भागाला आणि गरजेपुरतं लागतं. आणि डास चावून डेंग्यू झाला तर या वयात तो फार महागात पडतो.

गुहागरला पहिला प्रश्न आला तो कोवळ्या उन्हाचा. रोज मालिश झाली की आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेल लावलेल्या बाळाला अंगणात घेऊन बसायच्या. मी डॉक्टरांचं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, उन्हाशिवाय हाडं कशी घट्ट होतील?" त्यांचं म्हणणं मोडीत काढण्यासारखं नव्हतं, हाडांना 'ड' जीवनसत्त्व लागतंच. पण त्यासाठी आमच्या मुलीला जन्मापासून रोज 400 युनिटचे थेंब चालू होते. ते त्यांना दाखवल्यावर बसण्याची जागा अंगणातून ओसरीवर आली. दहा ते चार या वेळात तिला बाहेर काढायचंच नाही, एवढं मी पक्कं धरलं.

डासांचं क्रीम घ्यायला मी तिथल्याच दुकानात गेले. दुकानदाराने आधी झबल्याला चिकटवायचे सुवासिक ठिपके दिले, मग निलगिरीचं तेल असलेला रोल-ऑन. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून काढलेला घटक तीन वर्षांच्या आतल्या मुलांना वापरू नये असं सांगतात, आणि साधं निलगिरीचं तेल बाळाच्या पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. म्हणून दोन्ही परत केलं. ठिपक्यांचं म्हणाल तर वास येतो, पण अंगाभोवती फार वेळ संरक्षण मिळत नाही, आणि बाळ ते काढून तोंडात घालतं.

मग ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला बसले. डॉक्टरांनी नावं लिहून दिली होती: डीट किंवा पिकारिडिन. डीटचं पूर्ण नाव डायइथाइल टोल्युअमाइड. आपल्याकडच्या बऱ्याच क्रीमवर मात्र डायइथाइल बेन्झामाइड लिहिलेलं असतं. नावं सख्ख्या बहिणींसारखी, पण घटक वेगळे. दोन महिन्यांची मर्यादा डीटची आहे. बेन्झामाइडच्या ट्यूबला तो आकडा लावायचा नाही, तिच्या पाकिटावर जे वय लिहिलंय तेच पाळायचं. आम्ही 10 टक्के डीटवालं घेतलं. टक्का वाढला की संरक्षणाचा वेळ वाढतो: 10 टक्क्यांना साधारण दोन तास, 30 टक्क्यांना पाच. लहान मुलांना 30 च्या वर जायचं नाही. आम्हाला संध्याकाळी देवळात जाऊन यायला दीड तास लागणार होता, म्हणून 10 पुरे.

लावायची पद्धत अशी. ट्यूब कधी थेट बाळावर पिळायची नाही. मी वाटाण्याएवढं माझ्या तळहातावर घेतलं, चोळलं आणि तिच्या पोटऱ्यांना, पावलांच्या वरच्या बाजूला आणि कोपराखाली हलक्या हाताने फिरवलं. कपड्यांच्या आत नाही, खरचटलेल्या जागी नाही, आणि तिच्या तळहातांना, बोटांना तर अजिबात नाही, कारण ते हात सरळ तोंडात जातात. चेहरा मी सोडूनच दिला. घरी आल्यावर साबणाने पाय-हात धुतले, कपडे बदलले, तेव्हाच तिला पाजायला घेतलं.

घरात असताना क्रीम लागतच नाही, मच्छरदाणी पुरते. पण ती दिवसाच्या झोपेलाही हवी, हे मला तिथेच कळलं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, आणि आम्ही मच्छरदाणी फक्त रात्री लावत होतो. आईंनी पाळण्याला कापराची पुरचुंडी बांधली होती, तीही सोडवली. कापराची लहानशी वडी गिळली तरी बाळाला झटके येतात.

जानेवारीत पुन्हा गेलो तेव्हा ती आठ महिन्यांची होती, आणि आता दोन्ही ट्यूब लागणार होत्या. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ 30 चं घेतलं. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड कातडीवर थर धरून राहतं, म्हणून बाळांना तेच देतात. ऑक्सिबेन्झोन असलेलं टाळायचं, त्याने डीटही जास्त शोषलं जातं. आदल्या दिवशी तिच्या दंडाला टिकलीएवढं लावून पाहिलं, लाल झालं नाही. समुद्रावर सकाळी साडेआठला गेलो. छत्री होती, तरी कोरडी वाळू साधारण 15 टक्के अतिनील किरणं वर परतवते, म्हणून छत्रीखालीही हनुवटी आणि पोटऱ्या विसरायच्या नाहीत.

क्रम आधी सनस्क्रीन, ते मुरू द्यायचं, मग वरून डासांचं. दोन्ही एकत्र असलेलं क्रीम दुकानात दिसलं तरी नको, कारण सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि ओलं झाल्यावर पुन्हा लावावं लागतं, डासांचं तसं लावायचं नसतं. शिवाय डीटमुळे सनस्क्रीनची ताकद कमी होते. त्या सकाळी डास नव्हते, म्हणून मी दुसरी ट्यूब उघडलीच नाही.

चूक मात्र झाली. मी तिच्या मनगटापर्यंत सनस्क्रीन लावलं, हाताच्या पाठीवरही. दहा मिनिटांत तिने डोळे चोळले आणि रडायला लागली, एक डोळा लाल. स्वच्छ पाण्याची धार सोडून पाच-सात मिनिटं धुतला, तेव्हा शांत झाली. आता पूर्ण बाह्यांचं झबलं घालते आणि क्रीम मनगटाच्या अलीकडेच थांबवते.