पहिल्या पॅरेग्राफातली तळमळ

"तुमच्या ग्रँटच्या अर्जातला पहिला पॅरेग्राफ एवढा कोरडा का? किचनमागची तळमळ कुठेच दिसत नाही."

तळमळ होती हो. आधीच्या अर्जात नुसती तीच होती, मीच रात्री जागून लिहिलेली. "कोणीही उपाशी झोपू नये या ध्यासातून उभं राहिलेलं आमचं किचन गेल्या वर्षी ३६,००० लोकांच्या मुखी घास घालू शकलं." आमच्यातल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, मला वाटलं जमलं.

अर्ज नाकारला गेला. मी फोन करून कारण विचारलं, रिव्ह्यू करणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "बजेटमध्ये ३६,००० ताटं आहेत आणि वर ३६,००० लोक. खरं काय?" मी गप्प. रोज १२० ताटं, आठवड्याचे ६ दिवस, वर्षातले ५० आठवडे, झाली ३६,००० ताटं. माणसं मी मोजलीच नव्हती. त्या रात्री रजिस्टर घेऊन बसलो, एक नाव एकदाच धरायचं असं ठरवून, तर निघाली २१०. एक आजोबा जवळपास रोज यायचे, त्यांचे मी एकट्याचे पावणेतीनशे लोक करून टाकले होते! फोनवर बाई पुढे म्हणाल्या होत्या, "कमिटीपुढे एक पान जातं, त्यात मी तुमचा पहिला पॅरेग्राफच उचलते. हा आकडा मी तिथे कसा सांगू? आणि पैसे कशाला हवेत ते मला चौथ्या पानावर सापडलं." पैसे संध्याकाळच्या स्वयंपाक्यासाठी हवे होते. ते वर्ष संध्याकाळी चूल पेटलीच नाही.

मी खोटं लिहिलं नव्हतं, घाईत लिहिलं होतं. पण आजोबांना रात्री काय मिळालं असेल हे आठवलं की हा फरक मला फार मोठा वाटत नाही.

मग नवी सुरुवात अशी लिहिली: "आमचं किचन आठवड्यातले ६ दिवस दुपारी १२० ताटं वाढतं. वर्षभरात २१० माणसं जेवतात, म्हणजे एकेक जण सरासरी १७० वेळा येतो. बहुतेकांना रात्रीचं जेवण नसतं. १२ महिन्यांसाठी एका स्वयंपाक्याचा पगार मिळाला तर आम्ही संध्याकाळी ६० ताटं वाढू."

२१० लिहिताना हात अडखळला होता, इतका लहान आकडा बघून कोण पैसे देणार. पण १७० वेळा परत येणं, यातच तर सगळं आलं ना? ३६,००० मध्ये ते दिसतच नव्हतं.

तरी तुमचं म्हणणं पूर्ण चूक नाही. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "आपण कोणालाच कागद मागत नाही, ते कुठंय यात?" ते वाक्य मी घातलं, जागा पुरेना म्हणून काढलं, परत घातलं. सध्या आहे, पण त्यासाठी सरासरीचं वाक्य काढावं लागलंय, आणि ते मला अजून पटलेलं नाही.