नाडा आणि सोल

रविवार, रात्री साडेदहा.

लेखिकाबाईंना लिहिलेलं पत्र अखेर पाकिटात घातलं. त्यांचा पत्ता नाही, म्हणून नावाखाली 'द्वारा' लिहून प्रकाशकाचा टाकला. उद्या ऑफिसला जाताना सीताबर्डीला पेटीत टाकीन.

पहिला खर्डा सहा पानांचा झाला होता. पाच पानं आमचंच रडगाणं आणि शेवटी 'आपलं पुस्तक फार भावलं'. फाडला. भावलं म्हणजे नेमकं काय झालं, हे त्यातून त्या बाईंना काय कळणार? मग एका दुपारीबद्दलच लिहिलं.

मागच्या मेमध्ये बाबांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. डाव्या हातात सुया, तो हलवायचा नाही. एका हाताने पुस्तक धरवेना, म्हणून मी वाचायची. नागपुरात पंचेचाळीस डिग्री, आणि बाबांना दिवसाला एकच लिटर पाणी. चहा, ताक, वरणसुद्धा त्यातच. सकाळी बाटली भरून ठेवायची आणि कपभर चहा दिला की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. हे ओतणं मी त्यांच्यामागे करायची. पाणी जास्त झालं की पुढच्या वेळी मशीनला जास्त ओढावं लागे आणि शेवटच्या तासात त्यांच्या पोटऱ्यांत वांब येत. घरात 'पाणी' हा शब्दच आम्ही टाळायला लागलो होतो.

आणि पुस्तकाचं सातवं प्रकरण निघालं विहिरीवर. मोट, धाव, थारोळ्यात कोसळणारं पाणी. मी गुपचूप पानं उलटली.

"काहून वं, पानं पलटवली काय?"

वाचावंच लागलं. थारोळ्यापाशी आले तेव्हा बाबांनी डोळे मिटले. झालं, आता तहान लागणार, असं वाटलं मला.

"बाईनं सोलाले नाडा म्हटलं," बाबा म्हणाले.

मग उरलेला तासभर आमची काटोलकडची विहीर. नाडा जाड, मोटेचं वजन त्याच्यावर. सोल बारीक, सोंडेला बांधलेला. मोट वर आली की तो सोंड थारोळ्यात ओढतो आणि पाणी पडतं. सोल तुटला तर सोंड लोंबते आणि मोट वर येईस्तोवर पाणी परत विहिरीत. शेजारच्या बेडवरचे काका म्हणाले, आमच्याकडं असंच. सुया कधी निघाल्या कळलं नाही. त्या दिवसापासून बाबा स्वतःच विचारायचे, पुस्तक घेतलं ना?

आज पत्र वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "सोलाचं नाही लिहिलं?"

मला ते उद्धट वाटत होतं. एवढे आभार मानायचे आणि वर चूक काढायची! त्यांनी कागद मागितला आणि उजव्या हातानं चित्रच काढलं: दोन दोर, दोन बाण, दोन नावं. बैल मात्र बकऱ्यांसारखे झालेत. तेही पाकिटात घातलंय.