हवेतली कड आणि १३० मायक्रॉन

वाळूजच्या आमच्या कारखान्यात ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट मशीन होऊन निघतात आणि मी त्यांची सीएमएमवर, म्हणजे प्रोबनं नगाला शिवून बिंदूंचे निर्देशक घेणाऱ्या मोजमापाच्या मशीनवर, तपासणी करतो. मे महिन्यात ग्राहक कंपनीनं एक अख्खा लॉट परत पाठवला. कारण एकाच मापाचं होतं. बोअरच्या, म्हणजे नगातल्या गोल भोकाच्या, केंद्रापासून कडेपर्यंतचं अंतर ८५ मिमी हवं, अधिक-उणे ०.१. आमच्या रिपोर्टमध्ये ८४.९८, त्यांच्या रिपोर्टमध्ये ८४.८५. नग तोच, त्यावर कोरलेला नंबर तोच, आणि दोन मापांत १३० मायक्रॉनचा फरक. दोन्ही मशीनचं कॅलिब्रेशन चालू मुदतीतलं होतं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, कडेपासूनचं अंतर मोजायला एवढं काय लागतं? पण त्या ब्रॅकेटला हात लावता येईल अशी कड नाहीच. एक सपाट फेस आहे, त्याला आम्ही ए म्हणतो. त्याच्या शेजारचा फेस बी २० अंशांनी खाली उतरतो. दोन्हींच्या मध्ये २५ मिमी त्रिज्येची गोलाई आहे. ड्रॉइंगवर ८५चं माप ज्या रेषेपासून दिलंय, ती रेष म्हणजे ए आणि बी ही दोन प्रतलं वाढवत नेली तर जिथे छेदतील ती. ही रेष धातूत नाही, गोलाईच्या वर जवळजवळ ०.३९ मिमी हवेत आहे. प्रोब तिला कधीच शिवू शकत नाही. प्रोब दोन फेसना शिवतो, सॉफ्टवेअर दोन प्रतलं बसवतं, त्यांची छेदरेषा काढतं आणि बोअरच्या केंद्रापासून त्या रेषेवर लंब टाकून अंतर छापतं. रिपोर्टवर मात्र हा आकडा बोअरच्या व्यासाइतक्याच ठामपणे छापलेला असतो, आणि वाचणारा दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवतो.

पहिला संशय उन्हावर गेला. आमच्याकडे मे महिन्यात शॉपफ्लोअर तापलेला असतो, माप मात्र २० अंश सेल्सिअसचं धरायचं असतं. उत्पादन विभागाच्या साहेबांनी लगेच निष्कर्ष काढला की त्यांनी नग थंड न करता मोजला. पण ॲल्युमिनियम २० अंशांनी जास्त तापलं तरी ८५ मिमीमागे ०.०४ मिमीच्या आसपास वाढतं. तिथे १३० मायक्रॉनचा फरक होता, आणि तोही उणे बाजूला. गरम नग मोजला असता तर माप वाढून आलं असतं. हे सांगूनही उन्हाचा मुद्दा मीटिंगमधून हटायला अर्धा दिवस गेला. दिशा न बघता फक्त फरकाचा आकडा बघायची आमच्याकडची सवय मला फार खटकते.

तेवढ्यात दुसरं संकट उभं राहिलं. ग्राहकाच्या मापाप्रमाणे व्हीएमसीवर, म्हणजे नग कापणाऱ्या मशीनवर, ऑफसेट टाकून टूलची जागा सरकवा आणि माप ०.१३नं वाढवा, असा निरोप मशीनवर गेला. ऑपरेटर गंगापूरकडचा, त्याला सगळे भाऊ म्हणतात. तो सरळ माझ्याकडे आला. "साहेब, मशीनमध्ये काहीच बदललं नाही, टूल बी नवं हाय. मंग ऑफसेट कामून टाकायचा?" त्याचा प्रश्न बिनतोड होता. आमचं माप खरं असेल तर ऑफसेटनंतर नग ८५.११चे निघाले असते. म्हणजे चांगले नग आम्ही स्वतःच्या हातानं बाद केले असते आणि ते ग्राहकाकडे पासही झाले असते. मी लेखी होल्ड टाकला आणि त्यांच्याकडून नुसता मापांचा तक्ता न मागता दोन्ही प्रतलांचे लंबाचे घटक आणि प्रत्येक प्रोब-बिंदूचे निर्देशक मागवले.

आता प्रतलांकडे येतो, कारण सगळं उत्तर तिथेच होतं. ड्रॉइंगप्रमाणे शून्य बोअरच्या केंद्रावर, ए फेस म्हणजे z = 0, आणि x कडेच्या दिशेनं. अलाइनमेंट दोघांचंही हेच असल्यामुळे समीकरणं थेट शेजारी ठेवता आली. बी फेसचं आमचं समीकरण वरचं, त्यांचं खालचं:

```
0.3420x + 0.9397z = 29.065
0.3405x + 0.9402z = 28.893
```

z शून्य ठेवला की पहिल्यातून x ८४.९८ येतो आणि दुसऱ्यातून ८४.८५. तेव्हा सॉफ्टवेअरनं दोन्हीकडे गणित बरोबरच केलं होतं. बोअरचं केंद्र आणि ए फेस दोघांचे जुळत होते. फरक होता तो बी प्रतलात.

मग मी आमचे बी फेसवरचे बिंदू त्यांच्या समीकरणात घातले. बिंदूचं प्रतलापासूनचं अंतर काढायचं सूत्र बारावीला सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं, पण तिथे शेवटी केवलमूल्य घेऊन चिन्ह टाकून देतात. आमच्या कामात चिन्हच हवं असतं. आमच्या बिंदूंच्या तीन रांगा होत्या, छेदरेषेपासून ६, १७ आणि २८ मिमीवर. त्यांच्या प्रतलापासून हे बिंदू अनुक्रमे ३५, १८ आणि जवळजवळ शून्य मायक्रॉन बाहेरच्या बाजूला निघाले. मापातली नेहमीची गडबड असती तर काही अधिक, काही उणे, असे विखुरलेले आकडे आले असते. इथे सरळ उतार होता. त्यांचं प्रतल लांबच्या टोकाला आमच्या प्रतलावर टेकलं होतं आणि कडेच्या बाजूला धातूत बुडालं होतं. याचा अर्थ त्यांचे कडेजवळचे बिंदू फेसवर पडलेच नव्हते.

बिंदूंच्या यादीनं ते पक्कं केलं. त्यांनी बी फेसवर चार बिंदू घेतले होते, दोन छेदरेषेपासून २८ मिमीवर आणि दोन ३ मिमीवर. वळण २० अंशांचं आणि त्रिज्या २५ असेल तर गोलाई छेदरेषेपासून २५ गुणिले टॅन १०, म्हणजे ४.४ मिमीपर्यंत पसरते. ३ मिमीवरचा बिंदू गोलाईत १.४ मिमी आत पडतो आणि तिथे पृष्ठभाग बी प्रतलाच्या सुमारे ४० मायक्रॉन खाली वळलेला असतो. ड्रॉइंगच्या आधीच्या रिव्हिजनमध्ये हीच त्रिज्या ६ मिमी होती. तेव्हा गोलाई १.१ मिमीच्या आत संपत होती, त्यामुळे ३ मिमीवर प्रोब लावणं बरोबर होतं. ड्रॉइंग बदललं आणि तपासणीचा प्रोग्राम तसाच राहिला.

यानंतरचा भाग अजून माझ्या डोक्यातून जात नाही. चूक ४० मायक्रॉनची, मग मापात १३० कुठून आले? थोडी वाढ प्रतल पुढे लांबवल्यामुळे झाली. ३ मिमीवर ४० मायक्रॉन खाली असलेलं प्रतल छेदरेषेपर्यंत नेलं की ४५ खाली जातं. उरलेली सगळी वाढ छेदाच्या कोनामुळे झाली. छेदरेषेची दिशा दोन लंबांच्या सदिश गुणाकारातून मिळते, आणि त्या गुणाकाराची लांबी दोन प्रतलांमधल्या कोनाच्या साइनइतकी असते. प्रतलं काटकोनात असतील तर ती लांबी १, आणि एक प्रतल जितकं सरकेल तितकीच रेष सरकते. आमच्या कोनाला ती ०.३४ आहे. ४५ला ०.३४नं भागा, १३० येतात. अगदी पसरट छपराचं एका बाजूचं पान जरासं दबलं तर आढं कितीतरी सरकतं, तसंच हे. सॉफ्टवेअर दिशा छापताना ही लांबी १ करून टाकतं. ती छेदरेषा किती भरवशाची आहे हे सांगणारा आकडा हाताशी असतो आणि नेमका तोच रिपोर्टमधून गायब होतो.

त्यांच्या रिपोर्टवर याची खूण नव्हती का? एक होती. दोन फेसमधला कोन आमच्याकडे २०.०० अंश होता, त्यांच्याकडे १९.९१. पण कोनाला अधिक-उणे पाव अंशाची सूट असल्यामुळे ती ओळ हिरवी होती, आणि हिरव्या ओळी कोणी वाचत नाही. सपाटपणा तर सुरेख आला होता, ३ मायक्रॉन. तो तसाच येणार होता. जवळचे दोन्ही बिंदू सारखेच बुडालेले असले की चारही बिंदूंमधून एक तिरकं प्रतल छान बसतं. अशा रचनेत चार बिंदूंचा सपाटपणा काहीच पकडत नाही, कडेपासून लांबपर्यंत निदान तिसरी रांग लागते. वेळ वाचवायला बिंदू कमी करणारे प्रोग्राम मी बऱ्याच ठिकाणी पाहतो. त्यातून वाचतात थोडे सेकंद, आणि त्यापायी लॉट परत येतो.

त्यांच्या क्वालिटी इंजिनिअरबद्दल मात्र चांगलंच सांगावं लागेल. मी फोनवर म्हटलं, "सर, फक्त जवळची रांग ३ वरून ८ मिमीवर घ्या, बाकी काही बदलू नका." त्यांनी वाद न घालता तो नग पुन्हा लावला. माप ८४.९७ आलं, कोन १९.९९. प्रोग्राम दुरुस्त झाला, लॉट स्वीकारला गेला, डेबिट नोट मागे घेतली गेली. भाऊला मी स्वतः जाऊन सांगितलं की ऑफसेट टाकायचा नाही.

माझं समाधान झालेलं नाही ते ड्रॉइंगवरून. बी फेस ३२ मिमी रुंद आहे. त्याच्या मधोमध एखादी जागा ठरवून तिथे ए फेस आणि बोअरच्या संदर्भात प्रोफाइल, म्हणजे पृष्ठभाग ठरल्या जागेपासून किती हलला तर चालेल याची सूट, दिली, तर प्रोब जिथे टेकतो तिथेच माप मिळतं, आणि याच चुकीचा परिणाम तिथे १८ मायक्रॉन राहिला असता. मी तसं लिहून कळवलं. डिझाइनकडून उत्तर आलं की मॉडेलमध्ये ती रेष आहे आणि जोडीच्या पार्टचं मापही त्याच रेषेपासून दिलंय, त्यामुळे बदल होणार नाही. त्यांची अडचण मला समजते. एक रेष बदलली तर दोन ड्रॉइंग, दोन फिक्स्चर आणि दोन पुरवठादारांची मंजुरी पुन्हा घ्यावी लागेल. तरी जोडीच्या पार्टवर हीच हवेतली रेष दुसरं कोणीतरी मोजतंय, आणि तिथले प्रोब-बिंदू कुठे पडतात हे मला माहीत नाही. त्या पुरवठादाराचा रिपोर्ट मागवायचा अधिकार मला नाही, म्हणून मी ग्राहकामार्फत त्याच्या कोनाचा आकडा विचारला आहे. तो अजून आलेला नाही.