दोन संदर्भ मशीन, दोन विजेते

इथे ऑस्टिनमध्ये प्रोसेसरच्या वेगाची मोजणी हे माझं रोजचं काम आहे. रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत एका बैठकीत आम्ही दोन गट समोरासमोर बसलो. मशीन तीच, प्रोग्राम तेच, पण आमच्या तक्त्यात ‘अ’ पुढे होतं आणि त्यांच्या तक्त्यात ‘ब’. मोजमाप दोघांचंही चोख होतं. मग चुकलं कुठे?

समजायला सोपे आकडे घेते. कोड कंपाइल करायला ‘अ’ला १०० सेकंद लागतात, ‘ब’ला २००. फाइल कॉम्प्रेस करायला ‘अ’ला ६०, ‘ब’ला ३०. वेग सांगताना एखादं जुनं मशीन संदर्भ म्हणून धरतात आणि त्याच्या वेळेला नव्या मशीनच्या वेळेने भागतात. आमच्या जुन्या मशीनला या कामांना ४०० आणि ६० सेकंद लागत. म्हणजे ‘अ’ ४ पट आणि १ पट, सरासरी २.५, ‘ब’ दोन्हीकडे २ पट, सरासरी २. दुसऱ्या गटाच्या जुन्या मशीनला २०० आणि १२० सेकंद लागत. तिथे ‘अ’ दोन्हीकडे २ पट, तर ‘ब’ १ पट आणि ४ पट. सरासरी २.५ आता ‘ब’ची!

आमच्या गटातल्या एक ज्येष्ठ बाई उठल्या आणि त्यांनी फळ्यावर बेरजेच्या जागी गुणाकार केला. ४ गुणिले १ म्हणजे ४, त्याचं वर्गमूळ २. २ गुणिले २, वर्गमूळ पुन्हा २. दुसऱ्या तक्त्यातही तेच. दहावीच्या भूमितीत कर्णावर लंब टाकून सिद्ध केलेला तोच हा भूमितीय मध्य, आणि मला तो इतक्या वर्षांनी इथे भेटला. त्याचं कारण साधं आहे. गुणाकारात संदर्भ मशीनच्या वेळा दोन्ही मशीनच्या आकड्यांत सारख्याच येतात, त्यामुळे ‘अ’ला ‘ब’ने भागलं की त्या छेदून जातात. बेरजेत त्या छेदल्या जात नाहीत. संदर्भ मशीन ज्या कामात मंद, त्या कामाला नकळत जास्त वजन मिळतं. प्रोसेसरच्या वेगाच्या प्रमाणित चाचण्या ठरवणाऱ्या स्पेक या संस्थेच्या ‘सीपीयू २०१७’ चाचण्यांत सन कंपनीचं एक जुनं मशीन संदर्भाला धरून भूमितीय मध्य घेतात. तो संदर्भ बदलला तरी क्रम बदलत नाही.

मात्र दोन्ही मशीन सारखी ठरली म्हणून दोन्ही कामं सारख्याच वेळात उरकतील असं नाही. दोन्ही कामं एकेकदा केली तर ‘अ’ला १६० सेकंद लागतात आणि ‘ब’ला २३०. भूमितीय मध्याला २ सेकंदांचं काम १ सेकंदावर आलं काय, किंवा २ तासांचं १ तासावर आलं काय, दोन्ही सारखंच. ग्राहक दिवसभर नेमकं काय चालवतो हे ठाऊक असेल, तर त्या कामांची एकूण वेळच मोजायला हवी, हे माझं ठाम मत आहे. म्हणून त्या बैठकीनंतर आमच्या तक्त्याला तळाशी एक ओळ वाढली: प्रत्येक मशीनचे एकूण सेकंद.